टाच टेकली पाहिजे

सुनिता वळवीला मैदान कुणी दिलं नव्हतं, ते तिच्या गळ्यात येऊन पडलं होतं. तोरणमाळच्या घाटातल्या त्या आश्रमशाळेत ती आली मराठी शिकवायला. आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात खेळाचे सर बदली होऊन गेले, आणि मुख्याध्यापक राजेंद्र सर तिला म्हणाले, "नवीन माणूस येईपर्यंत तुम्ही बघा मॅडम, शिट्टी तर वाजवायची आहे." नवीन माणूस काही आला नाही. सुनिता शिट्टी वाजवत राहिली. वाजवता वाजवता तिला कवायत यायला लागली, लेझीम यायला लागलं, आणि सकाळच्या थंडीत ओळीनं उभ्या राहिलेल्या पोरी बघितल्याशिवाय तिचा दिवस सुरू होईनासा झाला.

तिचं गाव तिकडे नवापूर बाजूला, चिंचपाड्याजवळ. घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलायचे. शाळेतल्या पोरी पावरी बोलायच्या. तिची बोली पोरींना कळत नव्हती आणि पोरींची तिला, म्हणून दोघींमध्ये मराठी. ती मराठी सुरुवातीला पुस्तकातली होती, पण मैदानावर ओरडून ओरडून तिला धार आली. "रविना, मान वर! जमिनीत पैसे पुरलेत का?" असं मॅडम ओरडल्या की पोरी हसायच्या आणि मान वर करायच्या. सुनिताचं लग्न जमलं नाही, का जमलं नाही ते ती कुणाला सांगत नसे. वसतिगृहाच्या कडेच्या खोलीत राहायची. रोज पहाटे देवमोगरा मातेच्या तसबिरीपुढे दिवा लावायची आणि शिट्टी गळ्यात घालून बाहेर पडायची. तिचं जगणं म्हणजे एवढंच. पण एवढं होतं.

यंदा जूनमध्ये उमाकांत सर आले, खेळाची रीतसर पदवी घेऊन. शहाद्याकडचा माणूस, ठेंगणा, पायानं चपळ, बोलण्यात अहिराणीची फोडणी. आता मैदान त्यांचं होणार हे उघडच होतं. राजेंद्र सरांनी दोघांना बोलावलं.

"मॅडम, नियमानं मैदान उमाकांत सरांचं. पण सव्वीस जानेवारीच्या तालुका कवायतीची तुमची तयारी चालू आहे, ती मी मोडणार नाही. कवायत नीट पार पडली, तर पुढंही मुलींचं मैदान तुमच्याकडे ठेवतो, मुलांचं सर बघतील. पण..." सर थांबले. दोन वर्षांपूर्वी मनोरा करताना एक पोरगा वरून पडून हात मोडून बसला होता. त्याचा बाप आणि त्याच्या पाठीमागे अर्धा पाडा ऑफिससमोर येऊन बसले होते, ते सरांच्या मनातून गेलं नव्हतं. "पण एक पोरगी जरी आपटली, तरी मैदान सरांकडे. मग माझ्याकडे यायचं नाही."

"नाही पडणार सर," सुनिता म्हणाली.

उमाकांत सरांनी नुसतं तिच्याकडे बघितलं.

तिनं हे इतक्या ठामपणे सांगायला नको होतं, कारण यंदाच्या कवायतीत तिनं एक नवीन प्रकार घातला होता. रविना पावरा म्हणून दहावीतली पोरगी, संघाची पुढारी, तिनं सुट्टीत कुणाच्या तरी मोबाइलवर पाहून आणलेला. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय समोर सरळ धरायचा, आणि त्याच एका पायावर पार खाली बसून पुन्हा उठायचं. पोरी त्याला एकपायी बैठक म्हणायच्या.

"पिस्टल स्क्वॉट म्हणतस त्याले," उमाकांत सर शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता म्हणाले. "मॅडम, सर्कस काढी ऱ्हायनात का?"

"आमच्या पोरी चुलीपुढं उकिडव्या बसून मोठ्या झाल्यात सर. टाच टेकवून तासभर बसतात. तुम्ही बसून दाखवा."

"बसतो ना! दोन पायावर कोणीबी बसस. पाय पसरून, पंजे बाहेर काढून, बूड दोन टाचांच्या मधे सोडून. वजन अर्धं इकडं, अर्धं तिकडं. एका पायावर सगळं वजन एका मांडीवर, अन् उभं राहायले जागा एवढीशी." त्यांनी तळहात दाखवला. "जरा डावीउजवीकडं गेलं की खेळ खलास. अन् घोटा वाकला पाहिजे, नुसता नाही, भरपूर. टाच न उचलता गुडघा पंजाच्या पार पुढं गेला पाहिजे. नाहीतर बूड मागं राहस अन् माणूस उताणा."

"बघू," सुनिता म्हणाली.

आणि बघितलंच. आधी दोघींनी एकमेकींचा हात धरून. मग नुसतं ओट्यावर बसून एका पायावर उठणं. मग ओट्याऐवजी खालची पायरी. मांड्या लटलटायच्या, रात्री जिन्यावरून उतरताना पोरी "आई गं" म्हणून बसायच्या. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि एका सकाळी अख्खा संघ ध्वजाकडे तोंड करून, उजवा पाय समोर धरून, डाव्या पायावर खाली गेला आणि वर आला. मग पाय बदलून पुन्हा. एकही पोरगी हलली नाही. ऑफिसच्या ओसरीत उभे असलेले राजेंद्र सर टाळ्या वाजवायला लागले. उमाकांत सरांनीही वाजवल्या. खोटं कशाला सांगा, मनापासून वाजवल्या.

पंचवीस जानेवारीला दुपारी पोरी शहाद्याला उतरल्या. घाटात निम्म्या पोरींना गाडी लागली होती, पण स्टँडवर केळ्याच्या गाड्या बघून सगळ्यांची तोंडं पुन्हा फुलली. बरोबर सुनिता, मुलांचा संघ घेऊन उमाकांत सर आणि पोरींची देखभाल करणारी कामाठी सिंधुबाई. राजेंद्र सर सकाळी थेट येणार होते.

रंगीत तालीम तालुक्याच्या मैदानावर होती. मोठं, सपाट, मधोमध सिमेंटचा चौक. कडेला दुसऱ्या शाळांचे संघ बसलेले. सुनितानं शिट्टी दिली. लेझीम झालं. लेझीम खाली ठेवून दोन्ही पायांच्या बैठका झाल्या. सगळ्या पोरी एकदम खाली, एकदम वर, जणू एकाच दोरीला बांधलेल्या. बाजूच्या संघाच्या मॅडमनी मान डोलावली.

"उजवा पाय! बैठे!"

पोरी उजव्या पायावर खाली गेल्या. अर्ध्यापर्यंत ठीक. आणि मग कुणीतरी मागून ओढावं तशी सीमा उताणी पडली. तिच्या शेजारची पडली. मागच्या ओळीत धप्प, धप्प. दोघी-तिघी डगमगत कशाबशा टिकल्या. रविनाची टाच वर आली, ती पंजावर नाचत राहिली, आणि शेवटी हात टेकून बसली.

कडेला बसलेल्या पोरी खो-खो हसल्या. कुणीतरी ओरडलं, "डोंगरावरून घसरल्या!"

सुनिता धावत ओळीत शिरली. गाडी लागली म्हणून असेल. भीतीनं असेल. नवीन बूट! संस्थेनं आजच नवे बूट दिले होते. "बूट काढा!" पोरींनी भराभरा बूट काढले. अनवाणी पायांनी पुन्हा खाली गेल्या, आणि पुन्हा तेच. काल सकाळी शाळेत झालं होतं. काल! देवा, एका रात्रीत काय झालं यांना?

तिनं पोरींना सावलीत बसवलं. उमाकांत सर हाताची घडी घालून उभे होते. सगळं बघितलं होतं त्यांनी. संध्याकाळी एक फोन केला की राजेंद्र सरांना कळणार. सुनिता त्यांच्याकडे न बघता पाण्याची बाटली शोधू लागली.

"मॅडम."

"बोला सर. सांगितलं होतं मी, असंच म्हणायचं असेल ना?"

"ते नंतर म्हणतो. एक सांगा, आपल्या शाळेच्या मैदानावर चेंडू हातातून सुटला, तर कुठं जातो?"

"हे काय आता मध्येच?"

"सांगा तर खरं."

"ध्वजाकडे. नेहमीच ध्वजाकडे जातो."

"का जातो?"

उमाकांत सरांनी मैदानाच्या कडेचा फरशीचा एक तुकडा उचलला, सिमेंटवर ठेवला, आणि सीमाला हाक मारली. "ये पोरी. उजवी टाच यावर ठेव, पंजा खाली. आता बस."

सीमा बसली. पार खाली. उठलीही, काही न होता. सरांनी पायानं फरशी बाजूला सारली. "आता बस." सीमा अर्ध्यात मागे कलली आणि सरांनी तिचा दंड धरला.

"मैदान उतरतं शे आपलं," ते हळू आवाजात म्हणाले. "ध्वजाकडं तोंड केलं म्हणजे टाच वर, पंजा खाली. घोट्याले काही कामच नाही. मांड्या मात्र मस्त तयार झाल्या, उलट जास्तच, कारण टाच उंच असली की गुडघा पुढं जातो अन् भार मांडीवर पडतो. इथं सपाट. टाच खाली आली, घोटा पुरता वाकत नाही, बूड मागं. दोन पायांवर कळत नाही हे, पंजे बाहेर काढून भागतं. एका पायावर लपत नाही."

इतकी वर्षं त्या मैदानावर उभं राहून तिला ते सपाट वाटत होतं. पायाखालची जमीन होती ती. तिरकी आहे का, हे कोण बघतं? ऑफिसच्या ओसरीतून बघणाऱ्यालाही ते दिसलं नव्हतं. घाटातल्या त्या शाळेत सगळंच थोडं तिरकं होतं.

"मग उद्यापर्यंत वाकवू. पिंढऱ्या ताणून, चोळून..."

"घोटा म्हणजे दरवाजाची बिजागरी शे का मॅडम, तेल सोडलं अन् फिरली? महिने लागतात. काहींचा तर हाडातच अडतो."

"फरशी ठेवली तर?"

"कवायतीच्या सामानाशिवाय काही चालत नाही. बाद करतात." ते थांबले. "मी तुमच्या जागी असतो, तर एकपायी काढून टाकली असती. दोन पायांच्या बैठका घालून मोकळं. त्या प्रकाराचे गुण जातील, पण कोणी पडणार नाही. मैदान तुमचं राहील."

सुनिता त्यांच्याकडे बघत राहिली. "आणि तुम्हाला नको मैदान?"

"पाहिजे ना! खोटं कशाले बोलू? पण पोरीचा गुडघा फुटला तर तुमच्यासंगे मीबी उभा शे इथं. बाप लोक पदवी विचारत नाहीत, जो दिसला त्याले धरतात."

सुनितानं पाण्याची बाटली शोधून त्यांच्यापुढे केली.

तिनं पोरींना गोळा केलं आणि सरळ सांगितलं. चूक तुमची नाही, माझी आहे. मैदान उतरतं आहे, मला कळलं नाही. उद्या एकपायी काढू.

मग रविना उठली. "नाही काढायची."

"रविना..."

"हसल्या त्या. ऐकलं ना मॅडम? डोंगरावरून घसरल्या म्हणाल्या. उद्या नाही केली तर म्हणतील, येतच नव्हती."

बाकीच्या पोरींनी मान खाली घातली, पण ती रविनाला नको म्हणणारी मान नव्हती. सुनिताला ते कळलं. काढून टाकली तर मैदान तिचं, आणि ही मान अशीच खाली घेऊन पोरी घाट चढणार. ठेवली आणि एक पडली, तर मैदान गेलं. देवमोगरा माते, तूच सांग आता. पण देव असल्या वेळी कानात येऊन सांगत नाही, माणसालाच ठरवावं लागतं, हेही तिला ठाऊक होतं.

"सर," तिनं विचारलं, "तोल मागं जातो म्हणता. पुढं काही धरलं तर?"

"वजन पाहिजे हातात. हात लांब करून समोर धरलं तर तोल पुढं येतो. थोडं घोट्याचं भागतं. मांडीवर जरा जास्त पडेल, पण मांड्या आहेत त्यांच्या."

"लेझीम."

"हां?"

"एकपायीच्या आधी आम्ही लेझीम खाली ठेवतो. नाही ठेवायचं. कवायतीचंच सामान आहे, कोण बाद करतो बघू. पोलादी आहेत आमची, चांगली जड."

उमाकांत सरांनी डोकं खाजवलं. "करून बघा. पण आधी घोटे मोजा. ज्यांचे फार कमी, त्यांना लेझीमनंबी भागणार नाही. त्यांना दोन पायांवरच ठेवा."

मुक्कामाच्या वसतिगृहाच्या लांब भिंतीशी ऊन कलेपर्यंत मोजणी चालली. पायाचा अंगठा भिंतीपासून एक मूठ आणि दोन बोटं लांब ठेवायचा, टाच टेकलेलीच राहू द्यायची, आणि गुडघा भिंतीला लावायचा. लागला तर ठीक. सिंधुबाई पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थांबली.

"काय व माय! भिंतीले गुडघे घासी ऱ्हायन्यात. देवले नाक घासतस तसं."

"देवालाच घासतोय बाई, वेगळ्या," सुनिता म्हणाली.

बहुतेकींचे गुडघे लागले किंवा बोटभर राहिले. ज्यांचे बोटभर राहिले त्या लेझीम समोर धरून अंगणातल्या सपाट फरशीवर बसल्या, आणि उठल्या! पहिली सीमा उठली तेव्हा ती स्वतःच किंचाळली. ज्यांचे फारच राहिले त्या दोघी-तिघींना सुनितानं मागच्या ओळीत दोन पायांवर ठेवलं. एकसारखेपणाचे गुण जाणार होते. जाऊ देत.

शेवटी रविना. डावा घोटा छान वाकला, गुडघा भिंतीला टेकला. उजवा पाय पुढे घेतला. गुडघा भिंतीला लागला.

"टाच," सुनिता म्हणाली.

"टेकली आहे मॅडम."

सुनिता खाली वाकली आणि आपलं बोट रविनाच्या टाचेखाली सरकवलं. बोट आरामात आत गेलं.

रविनानं भिंतीकडेच तोंड ठेवलं. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडली होती ती, उजवा घोटा सुजून ढोल झाला होता, पंधरवडाभर आजीनं पाला बांधला होता. सगळ्या शाळेला ही गोष्ट ती हसत सांगायची. तो घोटा तेव्हापासून पुरता वाकतच नव्हता, ते आज या भिंतीशी कळत होतं. लेझीम घेऊनही उजव्या पायावर तिची टाच सुटायची. कधी सावरायची, कधी नाही.

"तू दोन पायांवर."

"मी पुढारी आहे."

"म्हणून काय झालं?"

"मी सगळ्यांच्या पुढं एकटी उभी असते मॅडम. मागच्या एका पायावर आणि मीच दोन पायांवर? मग मी उभीच राहत नाही. सीमाला घ्या पुढं."

"मग राहू नको!" असं तोंडाशी आलं होतं. सुनितानं गिळलं. अंगणात लेझमांचा खुळखुळ चालू होता.

"ऐक," ती म्हणाली. "उजव्या पायावर जा. जेवढं जमेल तेवढं. पण टाच जमिनीवरून सुटली की त्या क्षणी दुसरा पाय खाली टेकवायचा. दोन पायांवर बसायचं आणि सगळ्यांबरोबर उठायचं. तो पाय टेकवणं म्हणजे पडणं नाही. शब्द दे."

रविना नखानं भिंत खरवडू लागली.

"शब्द दे, नाहीतर सीमा पुढं."

"मॅडम," रविना हळू म्हणाली, "मी पाय टेकवला तर आपला नंबर जाईल. नाही टेकवला आणि पडले, तर तुमचं मैदान जाईल. मग मी काय करू?"

ही गोष्ट पोरींना माहीत नाही असं सुनिता समजत होती. आश्रमशाळेत भिंतीला कान नसतात, पोरींना असतात.

"माझ्या मैदानाचं तू बघू नको," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या गुडघ्याचं बघ. शब्द?"

"शब्द." पण रविनानं तो जमिनीकडे बघून दिला.

सकाळी मैदान भरलं होतं. झेंडा वर गेला, भाषणं झाली. राजेंद्र सर मांडवात पहिल्या रांगेत, डोक्यावर टोपी, हातात गुंडाळलेला कार्यक्रम. उमाकांत सर कडेला दोरीशी. सुनितानं संघ आणला तेव्हा कालच्या हसणाऱ्या पोरी कोपरानं एकमेकींना ढोसत होत्या.

लेझीम झालं. दोन पायांच्या बैठका झाल्या, मांडवात टाळ्या पडल्या. आता पोरींनी लेझीम खाली ठेवायचं होतं. ठेवलं नाही. हात लांब करून छातीसमोर धरलं. परीक्षकांपैकी एकानं कागदावरून मान वर काढली.

"उजवा पाय!"

डावे पाय समोर गेले. सुनिताला दुसरं काही दिसत नव्हतं. मैदानाच्या मधोमध रविनाचा उजवा पाय, आणि त्या पायाची टाच.

"बैठे!"

पोरी खाली जाऊ लागल्या. सीमा थरथरत होती, पण लेझीम तिला पुढे ओढून धरत होतं. मागच्या ओळीत एक पोरगी डावीकडे कलली, सावरली. रविना सगळ्यांच्या आधी अर्ध्यावर पोचली. मांडीचा स्नायू कातडीखाली दोरासारखा उभा राहिला. मांडी तर दगडाची होती तिची, मांडीचा प्रश्नच नव्हता. अजून खाली. टाच टेकलेली. अजून.

टाच सुटली.

लांबून कुणाला दिसलं नसतं. कागद सरकेल एवढीच फट. सुनितानं हाक आतच दाबली, कारण कवायतीत एका पोरीला हाक मारता येत नाही. टेकव. टेकव गं. रविनाचा जबडा आवळला होता. तिची नजर समोर त्या हसणाऱ्या पोरींवर होती. तिनं लेझीम आणखी पुढे ताणलं. टाच खाली आली. सुनितानं श्वास घेतला, आणि टाच पुन्हा सुटली, या वेळी बोटभर. पंजा सिमेंटवर चाचपडू लागला. कंबर मागे जायला लागली. दोरीशी उभे असलेले उमाकांत सर नकळत एक पाऊल आत आले. आता ती टेकवणार नाही, सुनिताला वाटलं. ही पोरगी नाही टेकवणार, मीच हिला मान वर करायला शिकवलं.

रविनाचा डावा पाय खाली आला.

आदळला नाही. हळू, पंजा आधी, मग टाच. ती दोन पायांवर पार खाली बसली, लेझीम तसंच समोर धरून, आणि मागच्या सगळ्या पोरी एका पायावर वर आल्या तेव्हा त्यांच्याच बरोबर वर आली. त्याच क्षणी. परीक्षकाची पेन्सिल कागदावर हलली.

"डावा पाय! बैठे!"

डाव्या पायावर रविना अशी गेली की मांडव गप्प झाला. खाली, पार खाली, एक क्षण थांबून वर. मागे अख्खा संघ. कुणी पडलं नाही. टाळ्या खूप पडल्या, पण सुनिताला त्या नीट ऐकू आल्या नाहीत.

निकालात त्यांचं नाव नव्हतं. एकसारखेपणात गुण गेले, हे नंतर एका परीक्षकानं प्रेमानं सांगितलं.

राजेंद्र सर मांडवाबाहेर आले. "मॅडम, छान झालं. पण पुढच्या पोरीनं मध्येच पाय का टेकवला? आणि मागच्या दोघी-तिघी दोन पायांवर का? शाळेत तर सगळ्या करत होत्या."

काल तालमीत गडबड झाली म्हणून, एवढं म्हणता आलं असतं. सुनितानं सगळं सांगितलं. मैदानाचा उतार, कालचं पडणं, भिंत, लेझीम. "माझं चुकलं सर. ज्या जमिनीवर शिकवलं ती मीच बघितली नाही."

राजेंद्र सर उमाकांत सरांकडे वळले. "तुम्हाला काल माहीत होतं?"

"हो सर."

"मला फोन केला नाही."

"पोरी भिंतीशी होत्या सर, मोजत होतो. वेळ नाही मिळाला." उमाकांत सरांनी पायानं माती उकरली. "अन् आज पडलं कोणी नाही."

"पडलं नाही, ते मीही बघितलं." राजेंद्र सरांनी कार्यक्रमाची गुंडाळी खिशात घातली. "मुलींचं मैदान मॅडमकडे. पण दोघं मिळून आधी एक गवंडी बोलवा आणि ते मैदान किती उतरतं ते मला सांगा. नऊ वर्षं झाली मला तिथं, मला वाटायचं चेंडूच हलके आहेत."

परतीच्या गाडीत पोरी केळी खात होत्या, सिंधुबाई कुणाला उलटी होईल ते आधीच ओळखून पिशव्या वाटत होती. रविना शेवटच्या सीटवर खिडकीशी, कुणाशी न बोलता. सुनिता जाऊन तिच्याशेजारी बसली. म्हसावद मागे पडलं, रस्ता डोंगराकडे वळला.

"नसता टेकवला तर उठले असते मी," रविना खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

"उठली असतीस कदाचित."

"मग?"

"मग काही नाही. टेकवलास."

रविनानं नाक ओढलं. "तुमच्या मैदानासाठी नाही टेकवला."

"मग कशासाठी?"

"माहीत नाही. पाय आपोआप आला." ती जरा थांबली. "आणि शब्द दिला होता."

सुनितानं मान हलवली आणि समोर बघत राहिली. गाडीनं पहिलं वळण घेतलं, सगळ्या पोरी एका बाजूला कलल्या, पुन्हा सरळ झाल्या. थोड्या वेळानं तिला बाजूला हालचाल जाणवली. रविनानं उजव्या पायातला बूट काढला होता. पाय गाडीच्या पत्र्यावर सपाट ठेवून ती दोन्ही हातांनी गुडघा पुढे रेटत होती, हळूहळू, पुढच्या सीटच्या पाठीकडे, आणि टाच सुटते का ते खाली वाकून बघत होती.